मदत हवी आहे : ‘रोलबॅकमुळेच सेवा सुरळीत झाली, हे कशावरून?’ या मुलाखतीतील प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

मेघना_क

नमस्कार. क्लाउड आणि डेव्हऑप्स या कामाचा मला चार वर्षांचा अनुभव आहे आणि सध्या मी नवीन नोकरीसाठी मुलाखती देत आहे. डिप्लॉयमेंट पाइपलाइन आणि मॉनिटरिंग यांवरील प्रश्नांची उत्तरे मला देता येतात, परंतु गेल्या मुलाखतीत ‘प्रॉडक्शनमधील एखादा आउटेज तुम्ही कसा हाताळला ते सांगा’ या प्रश्नावर गाडी अडली.

मी सांगितलेली घटना अशी. आमच्या ऑर्डर सेवेची नवीन आवृत्ती सायंकाळी ७:४० वाजता पाइपलाइनमधून कुबरनेटीसवर गेली. चाचण्या आणि हेल्थ चेक उत्तीर्ण होऊन पाइपलाइन हिरवी झाली. सीपीयू आणि मेमरी यांवर लावलेला एकही अलर्ट वाजला नाही, मात्र ‘पैसे गेले पण ऑर्डरची खात्री झाली नाही’ अशा तक्रारी ग्राहक सेवेकडे येऊ लागल्या. त्रुटी ऑर्डर सेवेत नव्हत्या, पेमेंटची स्थिती तपासणाऱ्या दुसऱ्या एका लहान सेवेत होत्या. ७:५२ वाजता मी `kubectl rollout undo` चालवले आणि आठच्या सुमारास सर्व काही सुरळीत झाले.

त्यावर मुलाखतकारांनी शांतपणे विचारले, “रोलबॅकमुळेच सुरळीत झाले, हे कशावरून?” मी म्हणाले की रोलबॅकनंतर त्रुटी थांबल्या. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. त्यांना नेमके काय अपेक्षित होते?

अनिकेत७

मुलाखतकारांना बहुधा कॅनरी डिप्लॉयमेंट ऐकायचे असावे. नवीन आवृत्तीकडे आधी पाच टक्के वाहतूक पाठवली असती, तर दोष लवकर उघड झाला असता आणि पाइपलाइनने स्वतःच माघार घेतली असती. पुढच्या वेळी आउटेजचे वर्णन लवकर आटोपून या सुधारणेवर भर द्यावा, असे मला वाटते.

जुना_खांब

मेघनाताई, मी अशा मुलाखती घेतो, म्हणून हा प्रश्न का विचारला गेला असावा ते सांगू शकतो. दोष ऑर्डर सेवेच्या नवीन आवृत्तीत असता, तर त्रुटी प्रथम त्याच सेवेत दिसायला हव्या होत्या. तुमच्या वर्णनात त्या शेजारच्या सेवेत आहेत, आणि दोन्ही सेवांमध्ये समाईक असे काही असेल तर ते बहुधा डेटाबेस. त्यामुळे नवीन कोडपेक्षा डिप्लॉयमेंट ही क्रियाच कारण असावी, असा संशय अनुभवी माणसाला लगेच येतो. तसे असेल तर रोलबॅक हेही एक डिप्लॉयमेंटच आहे.

अनिकेत, कॅनरीबद्दलचे तुमचे म्हणणे कोडमधील दोषापुरते बरोबर आहे. पण कॅनरीचा निर्णय ज्या सेवेच्या त्रुटी पाहून होतो, तीच सेवा इथे निरोगी होती.

मेघनाताई, तीन गोष्टी सांगता येतील का? ऑर्डर सेवेचे पॉड किती होते, प्रत्येक पॉडच्या कनेक्शन पूलचा आकार किती होता, आणि त्या दिवसांत यांपैकी काही बदलले होते का?

शुभांगी_ठाणे

आमच्याकडेही मॉनिटरिंगचा असाच प्रश्न आहे. डिस्क ८० टक्के भरली की रात्री दोन वाजता फोन वाजतो आणि उठून पाहावे तर करण्यासारखे काहीच नसते. असे अलर्ट बंद केले तर मुलाखतीत ते निष्काळजीपणाचे वाटेल का?

मेघना_क

डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि दोन्ही सेवा तोच वापरतात. ऑर्डर सेवेच्या प्रत्येक पॉडचा पूल १० कनेक्शनचा आहे. पॉड पूर्वी ६ होते, दिवाळीच्या गर्दीसाठी आदल्या आठवड्यात ८ केले. `max_connections` मूळचेच, म्हणजे १०० आहे. पेमेंट तपासणारी सेवा पूल ठेवत नाही, प्रत्येक विनंतीला नवीन कनेक्शन उघडते.

जुना_खांब

मग हिशेब मांडून पाहू. पोस्टग्रेस शंभरांपैकी ३ कनेक्शन सुपरयूजरसाठी राखून ठेवतो, म्हणजे वापरायला ९७ उरतात. एरवी ८ पॉडची ८० कनेक्शन होतात आणि पेमेंट सेवेला १७ मिळतात. परंतु रोलिंग अपडेटमध्ये `maxSurge` आणि `maxUnavailable` दोन्ही मूळचे २५ टक्के असतील, तर कुबरनेटीस आठावर दोन जादा पॉड उभे करतो. दहा पॉडची शंभर कनेक्शन होतात, म्हणजे इथेच मर्यादा ओलांडली. शिवाय बंद होत असलेले पॉड तो या मोजणीत धरत नाही, आणि त्यांना आवरायला मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंदांपर्यंत मुभा असते. तेवढा वेळ त्यांनी आपली कनेक्शन सोडली नाहीत, तर मागणी १२ पॉडची, म्हणजे १२० वर जाते. आधीच पूल धरून बसलेल्या ऑर्डर सेवेला याची झळ फारशी लागत नाही. प्रत्येक वेळी नव्याने दार ठोठावणारी पेमेंट सेवा मात्र बाहेर राहते. सहा पॉड असताना हाच आकडा साधारण ९० च्या आसपास राहत होता, म्हणून पूर्वीच्या डिप्लॉयमेंटमध्ये काही झाले नाही.

हे खरे असेल तर त्रुटींच्या आलेखात एक नव्हे, दोन उंचवटे दिसतील: पहिला ७:४० नंतर, दुसरा ७:५२ नंतर, आणि मध्ये उतार. पोस्टग्रेस १५ किंवा त्याआधीचा असेल, तर पेमेंट सेवेच्या लॉगमध्ये ही ओळही सापडायला हवी:

```
FATAL: remaining connection slots are reserved for non-replication superuser connections
```

शुभांगीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर अधिक लोक उत्तर देतील. थोडक्यात सांगायचे तर, डिस्क किती भरली यापेक्षा ती याच वेगाने किती तासांत भरेल यावर अलर्ट लावा, म्हणजे वाजलेला फोन कामाचा ठरेल.

अनिकेत७

मग `max_connections` सरळ ५०० केले की प्रश्न मिटला. मुलाखतीत हाच उपाय सांगावा.

जुना_खांब

त्याने हा आउटेज टळला असता, हे मान्य आहे. पण तो आकडा बदलायला पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावा लागतो, आणि प्रत्येक कनेक्शन ही सर्व्हरवरील स्वतंत्र प्रक्रिया असल्यामुळे मेमरीचा भार वाढतो. त्यापेक्षा पूल १० वरून ६ वर आणला, तर बारा पॉडचीही ७२ च कनेक्शन होतात. सहा पुरतात का, हे मात्र गर्दीच्या वेळी मोजूनच ठरवावे लागेल. सेवा वाढत जाणार असतील तर मध्ये पीजीबाउन्सर ठेवावा. अलर्टही सीपीयूवर न ठेवता पेमेंट सेवेतील अपयशी विनंत्यांच्या प्रमाणावर आणि वापरातील कनेक्शनच्या संख्येवर हवा, कारण कनेक्शन न मिळालेली सेवा नुसती थांबलेली असते आणि तिचा सीपीयू उलट खालीच जातो.

मेघना_क

आलेख पाहिला. दोन उंचवटे स्पष्ट आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा थोडा उंच आहे. ७:४७ ते ७:५२ या वेळेत त्रुटी जवळजवळ शून्यावर आल्या होत्या, म्हणजे मी रोलबॅक केला तेव्हा पहिली अडचण संपलेली होती. तुम्ही दिलेली ओळही लॉगमध्ये आहे. परंतु तीच ओळ ७:३८ लाही काही वेळा आली आहे, आणि तेव्हा डिप्लॉयमेंट सुरू झालेले नव्हते. हे कसे?

जुना_खांब

दोन शक्यता दिसतात. रोलआउटपूर्वी तुमची पाइपलाइन डेटाबेस मायग्रेशन चालवत असेल, तर ते स्वतःची कनेक्शन घेते. किंवा सायंकाळच्या गर्दीत पेमेंट सेवेला १७ कनेक्शन एरवीही अपुरी पडू लागली असतील. दुसरी शक्यता खरी असेल, तर डिप्लॉयमेंट नसतानाही हे पुन्हा होईल. पाइपलाइनच्या नोंदीत मायग्रेशनची वेळ पाहा, आणि एखाद्या साध्या सायंकाळी हे चालवा:

```sql
SELECT usename, count(*) FROM pg_stat_activity
GROUP BY usename ORDER BY 2 DESC;
```

दोन्ही सेवा एकाच डेटाबेस खात्याने जोडल्या जात असतील, तर `usename` ऐवजी `client_addr` घ्या. मुलाखतीत मी तुमच्या जागी असतो तर कालक्रम सांगून दोन उंचवट्यांवर थांबलो असतो आणि ७:३८ ची नोंद अजून उलगडलेली नाही, हेही सांगितले असते.

अनिकेत७

या शेवटच्या मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. सगळेच मुलाखतकार तुमच्यासारखे नसतात. अर्धवट उकललेली घटना सांगितली की ‘मूळ कारण सापडले नाही’ एवढेच काहींच्या कागदावर उतरते.

मेघना_क

मायग्रेशन ७:३६ ला संपल्याची नोंद आहे. सोमवारी सायंकाळी ती क्वेरी चालवून आकडे इथे देते.