मदत हवी आहे: अभ्यासिकेतली ती एसटीआय झाली, अभिनंदन कसं करू?

लातूरचा_गडी: समोरच्या टेबलावर बसणारी मुलगी एमपीएससीतून एसटीआय झाली. आमचं बोलणं नोट्स आणि चहापुरतंच. मेसेजमधून मनातलं थोडं कळावं, पण आगाऊपणा वाटू नये. ड्राफ्ट असा: "अभिनंदन मॅडम! आता आम्हा गरिबांना विसरू नका 😊" आज रात्री टाकू का?

टेबल_नं_७: आधी कोणती यादी लागली ते बघा. सर्वसाधारण गुणवत्ता यादीत नाव आलं म्हणजे पद हातात आलं असं नाही. त्यानंतर पसंतीक्रम, भरतीतून बाहेर पडायचा पर्याय आणि मग शिफारस यादी. मधेच "एसटीआय मॅडम" म्हटलं आणि पुढं यादी हलली तर तुमचाच मेसेज तिला टोचेल. पहिली यादी असेल तर फक्त मार्कांचं कौतुक करा.

ड्राफ्टातलं "विसरू नका" काढाच. निकालाच्या दिवशी ते वाक्य तिला पन्नास जण पाठवतात, आणि त्यात टोमणा लपलेला असतो.

परभणी_एक्सप्रेस: हार्टवाला इमोजी टाका ना भाऊ, एवढा काय विचार? आणि लगेच टाका, उशीर झाला की दुसरा कुणी पुढं जातो.

टेबल_नं_७: इमोजीचं चालेल, पण लगेच नको. पहिल्या संध्याकाळी फोन, सत्कार, पेढे, गावाकडचे बॅनर. तुमचा मेसेज शंभरात बुडणार आणि "थँक यू 🙏" येऊन विषय संपणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाका, ग्रुपवर नाही, तिला एकटीला. तीन वाक्यं पुरेत. पहिल्यात फक्त तुम्हालाच दिसलेली गोष्ट, दुसऱ्यात फिरकी, तिसऱ्यात सहज टाळता येईल असं बोलावणं:

"अभिनंदन! सगळे उठून जेवायला जायचे तेव्हा तुम्ही इकॉनॉमीचं पान संपवूनच उठायच्या. समोर बसून माझं पान मात्र उलटतच नव्हतं, त्याचा दोष थोडा तुमचाच. पेढे कुंथलगिरीचेच लागतील, आणि चहा माझ्याकडून; सत्काराच्या गडबडीतून मोकळ्या झालात की सांगा."

"माझं राहिलं" हे मधे आणू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. चहाचा विषय तिनं गाळला आणि नुसता इमोजी दिला, तर तेच उत्तर समजा. दुसरा मेसेज नको.

नांदेड_क्लार्क: आमच्या ऑफिसातल्या मॅडमला प्रमोशन मिळालंय, हाच मेसेज चालेल का?

टेबल_नं_७: नाही. त्या आता तुमच्या रिपोर्टिंगला असतील किंवा तुम्ही त्यांच्या. तिथं सरळ अभिनंदन करा, बाकी काही नको.

बीडची_ताई: मेसेज बरा आहे, पण "दोष तुमचाच" मला जरा जड वाटतं. बोलण्यात आधी चेष्टा होत असेल तरच ठेवा. आणि रोज "तू" म्हणत असाल तर एकदम "तुम्ही" कशाला? पद मिळालं म्हणून अंतर पडल्यासारखं वाटतं.

लातूरचा_गडी: "तुम्ही"च म्हणतो ताई. यादी बघितली, शिफारसीचीच आहे. पण "दोष" ठेवू की काढू?

परभणी_एक्सप्रेस: ठेवा की राव!

बीडची_ताई: काढा.