गळतीचा तक्रारअर्ज : रात्रीचा मसुदा आणि सकाळचा

सदनिका ३०२ : सचिव साहेब, आपण सुचवल्याप्रमाणे रात्री लिहिलेला अर्ज पाठवला नाही. सकाळी वाचताना या वाक्यावर अडले : ‘वरच्यांना शेजाऱ्यांची काडीची पर्वा नाही, ते महिनोन्‌महिने मुद्दाम दुर्लक्ष करत आहेत आणि समिती हातावर हात धरून बसली आहे.’ समितीच्या या ग्रुपवर आपणा सर्वांचे मत हवे आहे.

सचिव : ताई, ते वाक्य जाऊ द्या, पण त्यात दडलेली माहिती ठेवा. ‘महिनोन्‌महिने’ऐवजी ओल प्रथम कधी दिसली, वर कधी कळवले आणि उत्तर काय मिळाले, त्या तारखा लिहा. ‘मुद्दाम’ हा शब्द राहिला, तर ४०२ मधले त्या एका शब्दालाच उत्तर देत बसतील आणि छताचा प्रश्न बाजूला पडेल.

सदनिका १०४ : मी बांधकाम खात्यात होतो, म्हणून एक सांगतो. ‘त्यांच्या बाथरूममधून गळते’ हा अजून अंदाजच आहे. थेंब दिवसरात्र पडत असतील तर दाबाच्या पाइपाचा संशय येतो, आंघोळीनंतरच पडत असतील तर नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगचा, आणि पावसातच ओल वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीचा. आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतीच्या गळतीचा खर्च संस्थेचा असतो, तर संडास-मोरीतल्या अंतर्गत गळतीचा सदस्याचा. त्यामुळे जे दिसते तेवढेच लिहा आणि तपासणी मागा.

सदनिका ३०२ : सासूबाई ओल्या फरशीवरून घसरल्या, हेही काढायचे का?

सचिव : मुळीच नाही. ते घडलेले आहे आणि काम तातडीचे का आहे, हे त्यावरूनच कळते. फक्त त्यापुढचे ‘उद्या जिवावर बेतले तर जबाबदार कोण’ वगळा.

सदनिका ३०२ : आता असे लिहिले आहे :

‘१२ जून रोजी आमच्या बाथरूमच्या छतावर ओल दिसली. २ जुलै रोजी सदनिका ४०२ मध्ये कळवले असता प्लंबर पाठवण्याचे आश्वासन मिळाले, मात्र आजपर्यंत पाहणी झालेली नाही. १८ ऑगस्ट रोजी छताचा पोपडा पडला आणि २१ ऑगस्ट रोजी साचलेल्या पाण्यावरून सासूबाई घसरल्या. सकाळी सात ते नऊ या वेळेत थेंब पडतात, दुपारी थांबतात. छायाचित्रे जोडली आहेत. सदनिका ४०२ ला पूर्वसूचना देऊन ३१ ऑगस्टपर्यंत समितीने दोन्ही सदनिकांची पाहणी करावी आणि दुरुस्ती कोणी, कधीपर्यंत करायची ते लेखी कळवावे, ही विनंती.’

सदनिका १०४ : थेंबांच्या वेळा दिल्या हे उत्तम. वरच्यांची संमती मिळाली, तर ट्रॅप बंद करून फरशीवर चोवीस तास पाणी तुंबवून पाहू. खाली ओल वाढली, तर दोष फरशीत आहे हे त्यांनाही दिसेल.

सचिव : अर्ज याच स्वरूपात कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ४०२ ला पाहणीची सूचना आजच देतो.