अनोळखी नंबरच्या ‘हाय’ला भाईंनी उत्तर दिलं, पटतं का?

किनारपट्टी_लेखणी:
छोटी गोष्ट लिहिलीय. शेवट पटतो का, सांगा.

जुलै. वेंगुर्ल्याच्या बाजारात पाऊस आणि भाई, दोघेच. मासेमारी बंद, पर्यटक नाहीत. फोनवर अनोळखी नंबर: ‘हाय’. फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल. मुलगा म्हणाला, “ब्लॉक कर मरे.” भाईंनी लिहिलं, “नमस्कार. वेंगुर्ल्याचं कोकम-काजूचं दुकान. काय हवं होतं?” अर्ध्या तासाने उत्तर आलं, “सॉरी, भावाचा नंबर समजून पाठवला.” आणि पाठोपाठ, “कोकम यंदाचं आहे का?” भाईंनी बरणीतली चार सोलं तळहातावर घेऊन फोटो काढला. “यंदाचं थोडंच आहे, पावसाआधी वाळलेलं. गेल्या वर्षीचं स्वस्तात देईन, पण कडक झालंय.” बाईंनी यंदाचं अर्धा किलो मागवलं. गणपतीआधी शेजारणींसाठी पाच किलो.

तळकोकणी_७२:
नाही पटला. असल्या गोष्टी वाचूनच लोक फसतात. ‘हाय’ हाच गळ असतो. उत्तर दिलं की फोन हॅक, खातं रिकामं. मुलगा बरोबर होता.

मालवण_पेठ:
माझं दुकान आहे, म्हणून बोलतो. नुसतं उत्तर लिहून फोन हॅक होत नाही. फार तर नंबर चालू आहे एवढं समोरच्याला कळतं. धोका पुढे असतो: त्याने पाठवलेली लिंक उघडली, किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल फोनमध्ये टाकून घेतली, की मग संपलं.

मलाही असाच हाय आला होता. उत्तर दिलं. “कँपसाठी २० किलो काजू.” बस्स. अख्खा की पाकळी विचारलं नाही, सोललेला की सालीचा विचारलं नाही, घासाघीस तर नाहीच. कोकणात काजू घेणारं असं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही. मग एक क्यूआर. “खातं तपासायला १ रुपया टाका.” टाकला, समोरून २ आले. लगेच दुसरा क्यूआर, “हा स्कॅन केलात की अर्धे ९,००० जमा होतील.” स्कॅन केला तर स्क्रीनवर माझ्याच खात्यातून ९,००० जाणार असं दिसत होतं आणि पिन मागत होता. पैसे यायला पिन लागत नाही. तिथेच फोन पालथा ठेवला.

भाईंच्या बाईंनी पहिलाच प्रश्न मालाचा विचारला. माझ्यासाठी गोष्ट तिथेच पटली.

तळकोकणी_७२:
म्हणजे एक रुपया टाकलातच ना! तुम्ही वाचलात, माझा मेव्हणा नाही वाचला. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला, पण दोन दिवसांनी. तोवर पैसे चार खात्यांतून फिरले होते.

मालवण_पेठ:
खरं आहे. रुपया टाकायला नको होता, तो विश्वास बसवायलाच असतो. आणि १९३० ला त्याच तासाला लावायचा, दोन दिवसांनी नाही.

माहेरची_सोलं:
भाईंचा नंबर मिळेल का? पुण्यात मिळतं ते कोकम काळं ठिक्कर, वर मिठाचे खडे. आगळही हवंय, पण मागच्या वेळी पार्सलमध्ये बाटली फुटून सगळ्या साड्या लाल झाल्या.

किनारपट्टी_लेखणी:
ताई, भाई गोष्टीतले आहेत हो 😄

मालवण_पेठ:
आगळ काचेतून मागवूच नका. प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला टेप, वरून दोन पिशव्या, आणि साड्यांपासून लांब.

ओटीवरची_वाचक:
मला वेगळीच अडचण वाटते. सगळे हायवर भांडताय, पण गिऱ्हाईक मिळालं ते “कडक झालंय” या दोन शब्दांनी. आपल्याच मालातली खोट दुकानदाराने आधी सांगितली. हायला उत्तर मुलानेही दिलं असतं, पण त्याने ‘बेस्ट क्वालिटी’ लिहिलं असतं आणि बाई गप्प झाल्या असत्या. म्हणून ते पाच किलो मला नकोत. अर्ध्या किलोवर थांबा.

किनारपट्टी_लेखणी:
पण पाच किलो काढले तर ‘गिऱ्हाईक मिळालं’ हे कळणार कसं? एकदा घेणारे तर रस्त्यावरचे पर्यटकही असतात.

ओटीवरची_वाचक:
मग बाईंना गणपतीआधी परत एक ‘हाय’ पाठवू दे. या वेळी चुकून नाही.

तळकोकणी_७२:
आणि त्या वेळी नंबर कुणी दुसराच वापरत असला तर?