मदत हवी आहे: मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी महिन्याला किती बाजूला टाकू?

मुलगी ६ वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला अजून १२ वर्षं. आज फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला २ लाख पकडले, दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर पहिल्याच वर्षाची फी ५.०४ लाख होते, म्हणजे आजच्या अडीचपट! चार वर्षांचे मी सरळ २०.१५ लाख धरले आणि एक्सेलमध्ये १० टक्के परतावा धरून

`=PMT(10%/12,144,0,-2015000)`

टाकलं तर महिना ७,२८९ आले. पण फी तर पुढची तीन वर्षंही वाढणार, तसं केलं की बेरीज २२.६९ लाख जाते. आता उरलेले पैसे तेव्हा एफडीत ७ टक्क्यांनी वाढतीलच, मग टार्गेट नक्की कोणतं धरायचं? आणि पगारासोबत दरवर्षी ५ टक्के एसआयपी वाढवली तर सुरुवात कितीने करू, ते कसं काढतात?