बसमध्ये लांब गेम खेळण्यासाठी फोन की हॅन्डहेल्ड? (ले-आऊटच्या ग्रुपवरील चर्चा)

प्लॉट ९, काकू:
सर्वांना नमस्कार. आमचा धाकटा पुढच्या महिन्यापासून दारव्हा ते यवतमाळ असे रोजचे अप-डाऊन करणार आहे. एसटीत जाताना सव्वा तास आणि येताना तेवढाच वेळ जाईल. त्याला कथानक असलेले लांबलचक गेम, ज्यांना तो आरपीजी म्हणतो, मनापासून आवडतात आणि त्यासाठी वेगळे हॅन्डहेल्ड यंत्र घ्यावे असे त्याच्या मनात आहे. त्याच्याजवळ सहा जीबी रॅमचा चांगला फोन आहे. तो असताना वेगळ्या यंत्रावर पैसे घालावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्लॉट ४, भाऊ:
काकू, या प्रश्नात लोक आधी चित्राची स्पष्टता आणि प्रोसेसरचा वेग पाहतात. माझ्या मते बसमध्ये खेळणाऱ्याने त्याआधी एकच गोष्ट पाहावी: खेळ कोणत्याही क्षणी थांबवता येतो का, आणि नंतर तो नेमका त्याच जागेवरून सुरू होतो का. आरपीजी पन्नास-साठ तासांचा असतो, काही तर शंभर तासांपर्यंत जातात, आणि तो आपल्याला सव्वा-सव्वा तासाच्या तुकड्यांत खेळायचा असतो. त्या तुकड्यातही वाहक तिकिटाला येतो, घरून फोन येतो, मध्येच उभ्या असलेल्या वयस्कर माणसाला जागा द्यावी लागते. गेममधली प्रगतीची नोंद, म्हणजे सेव्ह, मात्र काही खेळांत ठरावीक ठिकाणीच करता येते. उदाहरणार्थ, पर्सोना ५ रॉयल या खेळात मोठ्या भुयारांमध्ये शिरल्यावर फक्त सुरक्षित खोल्यांतच सेव्ह करता येते, आणि एका खोलीपासून दुसरीपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागू शकतो. तेवढ्यात यवतमाळचे बसस्थानक आले, तर पुढे काय होईल हे यंत्रावर ठरते.

निन्टेन्डो स्विच किंवा स्टीम डेक या गेमसाठीच्या हॅन्डहेल्ड यंत्रांवर वरचे बटण एकदा दाबले की यंत्र झोपी जाते आणि खेळ जसाच्या तसा मेमरीत थांबून राहतो. संध्याकाळी पुन्हा बटण दाबले की नायक त्याच वळणावर उभा असतो. फोनवर अशी हमी नसते. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की मागे ठेवलेले ॲप ते न विचारता बंद करते, आणि गेम हे सर्वांत जास्त जागा व्यापणारे ॲप असल्यामुळे बहुधा त्याचाच नंबर आधी लागतो.

प्लॉट १५, ताई:
भाऊ, एक शंका आहे. स्विचमध्ये फक्त चार जीबी रॅम आहे असे मी वाचले आहे. मग सहा जीबीचा फोन जिथे कमी पडतो तिथे चार जीबीचे यंत्र कसे पुरते?

प्लॉट ४, भाऊ:
ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. स्विचमध्ये चारच जीबी आहे हे खरे, पण त्यातला मोठा हिस्सा चालू असलेल्या एकाच गेमसाठी राखलेला असतो आणि त्यात दुसरा कोणी वाटेकरी येत नाही. फोनवर तीच जागा व्हॉट्सॲप, कॅमेरा, पैसे पाठवण्याचे ॲप, नकाशा आणि खुद्द फोनची व्यवस्था यांच्यात वाटली जाते. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी अनेक कंपन्या मागची ॲप मुद्दाम लवकर बंद करतात.

आपला फोन कसा वागतो, हे पैसे खर्च न करता घरीच पाहता येते. गेम सुरू करून एखाद्या मैदानात उभे राहावे, मग बाहेर येऊन कॅमेऱ्याने दोन फोटो काढावेत, एक फोन करावा, पैशांचे ॲप उघडावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी गेमवर परत जावे. तोच देखावा समोर आला तर फोनने गेम जपला असे समजावे. पण कंपनीचे बोधचिन्ह आणि सुरुवातीचा पडदा दिसला, तर फोनने गेम बंद केलेला होता. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या गेमच्या बॅटरीच्या पर्यायावर जाऊन निर्बंध काढावेत आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावण्याची सोय असेल तर ती वापरावी. याने फरक पडतो, पण मेमरी खरोखरच संपली तर हे उपायही चालत नाहीत.

प्लॉट १५, ताई:
मी स्वतः फोनवरच खेळते आणि मला त्याचा त्रास झालेला नाही, हेही नोंदवते. फायनल फँटसी या आरपीजी मालिकेच्या पहिल्या सहा भागांच्या पिक्सेल रीमास्टर नावाच्या नव्याने केलेल्या आवृत्त्या फोनवर २०२१ आणि २०२२ मध्ये आल्या. त्यांत नकाशा बदलला की आपोआप सेव्ह होते आणि लढाई चालू नसेल तेव्हा कुठेही झटपट सेव्ह करता येते. त्यामुळे फोनने खेळ बंद केला तरी फार तर शेवटच्या सेव्हनंतरचा थोडा भाग पुन्हा खेळावा लागतो. लढाईही आज्ञा निवडून चालते, म्हणून खड्ड्यात बस आदळली आणि अंगठा घसरला तरी काही बिघडत नाही. एकदा पैसे भरून गेम उतरवून घेतला की मधल्या रस्त्यात नेटवर्क गेल्याची चिंताही उरत नाही.

प्लॉट ४, भाऊ:
ताईंशी मी पूर्ण सहमत आहे. खेळ निवडताना हाच भेद पाहायला हवा. पाळीपाळीने चालणारा आणि वारंवार सेव्ह होणारा आरपीजी फोनवर उत्तम चालतो. ज्यात धावत्या शत्रूवर नेम धरून वार करायचा असतो तो काचेवर खेळताना दोन्ही अंगठे पडद्याचा बराच भाग झाकतात आणि हालत्या बसमध्ये बोट नकळत खोट्या बटणावरून सरकते. त्यावर फोन मधोमध बसवायचा कंट्रोलर मिळतो, पण तो जोडणे आणि काढणे हे काम दर वेळी वाढते. गेनशिन इम्पॅक्टसारखे सतत इंटरनेट लागणारे खेळ या रस्त्यासाठी मी सुचवणार नाही, कारण नेटवर्क तुटले की खेळ थांबतो.

एक गोष्ट आधीच ठरवावी लागेल. पिक्सेल रीमास्टर स्विचवरही २०२३ मध्ये आले आहेत, पण फोनवर घेतलेला गेम तिथे पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि फोनवरची प्रगती तिकडे नेता येत नाही. चाळीस तासांचा खेळ अर्ध्यात असताना यंत्र बदलणे म्हणजे पहिल्या पानापासून सुरुवात करणे होय.

प्लॉट २, काकाजी:
बॅटरीचे काय? मुलगा यवतमाळला पोहोचेपर्यंत फोन रिकामा झाला, तर त्याने परतीचे तिकीट मोबाइलने कसे काढावे आणि घरी कसे कळवावे?

प्लॉट ४, भाऊ:
काकाजी, माझ्या दृष्टीने वेगळे यंत्र घेण्याचे दुसरे मोठे कारण हेच आहे. बॅटरी फोनचीच मोठी असते. पाच हजार एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास ऊर्जा मावते, तर स्विच लाइट या स्विचच्या छोट्या आवृत्तीत चौदाच्या आतच. तरीही लाइट गेमप्रमाणे तीन ते सात तास चालते असे कंपनी सांगते. जड गेम धरला तरी जाणे-येणे मिळून अडीच तास त्यात बसतात. फोन मात्र खेळून झाल्यावर दिवसभर इतर कामांसाठीही लागतो. रात्री भारनियमन असेल तर लाइट आणि फोन दोन्ही भरण्याची वेळ सांभाळावी लागेल. त्यासाठी दहा हजार एमएएचची पॉवर बँक कामी येईल.

यंत्र झोपलेले असतानाही थोडी बॅटरी खर्च होत राहते, आणि ती पूर्ण संपली तर मेमरीत थांबलेला खेळ जातो. म्हणून शनिवारी-रविवारी यंत्र पिशवीत पडून राहणार असेल, तर शुक्रवारी खेळातच नीट सेव्ह करावे.

प्लॉट ९, काकू:
तो स्टीम डेकचेही नाव घेत होता.

प्लॉट ४, भाऊ:
काकू, स्टीम डेक हे खरे म्हणजे हातात धरायचे संगणक आहे. त्याच्यावर संगणकाचे कितीतरी मोठे आरपीजी चालतात आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सवलतीत गेम स्वस्तही मिळतात. पण २०२२ चे पहिले मॉडेल ६६९ ग्रॅमचे आहे, तर स्विच लाइट साधारण २७५ ग्रॅमची. खिडकीच्या सीटवर, मांडीवर डबा आणि पिशवी असताना हा फरक मनगटाला जाणवतो. जड गेमवर त्याची बॅटरी दोन तासांतही संपू शकते, म्हणजे परतीच्या प्रवासाचा काही भाग कोरडा जाईल. घरीही तासन्तास खेळणार असेल तरच त्याचा विचार करावा.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या तुलना वाचून हे लक्षात येत नाही. स्विच, स्टीम डेक आणि आयफोन या तिन्हींसाठी कंपन्यांनी सांगितलेली वापराची कमाल मर्यादा ३५ अंशांची आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारच्या एसटीत खिडकीतून वाफाच येतात. हॅन्डहेल्डमधला पंखा आजूबाजूचीच हवा आत घेतो, त्यामुळे हवाच तापलेली असेल तर पंख्याचा उपयोग मर्यादित राहतो. पंख्याचा आवाज एकदम वाढला, चित्र अडखळू लागले किंवा यंत्र स्वतःहून बंद झाले, तर ती धोक्याची खूण समजावी. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो; ते आधी पडद्याचा उजेड कमी करतात, मग वेग कमी करतात आणि चार्जिंग थांबवतात. म्हणून उन्हाळ्यात सकाळच्या बसमध्ये खेळावे आणि दुपारी-संध्याकाळी खेळायचेच असेल तर चार्जिंगला लावून खेळू नये. हवा जाण्याच्या फटी दुपट्ट्याने किंवा पिशवीने झाकू नयेत आणि पॉवर बँकेसह यंत्र उन्हात ठेवू नये.

प्लॉट २, काकाजी:
बाजारात चार-पाच हजारांत हजारो गेम भरलेली छोटी यंत्रे मिळतात. ती का घेऊ नयेत?

प्लॉट ४, भाऊ:
काकाजी, त्यातले गेम बहुधा हक्कदारांच्या परवानगीशिवाय भरलेले असतात आणि सोबतचे मेमरी कार्ड अनेकदा हलक्या प्रतीचे असते. कार्ड बिघडले तर महिनाभराची प्रगती एका सकाळी जाते. मी ती सुचवणार नाही.

माझा सल्ला असा आहे की, पहिला महिना त्याने फोनवरच पिक्सेल रीमास्टरचा एक भाग खेळावा आणि वर सांगितलेली चाचणीही करावी. फोन गेम जपत असेल आणि अशाच प्रकारच्या खेळांत त्याचे मन रमत असेल, तर वेगळ्या यंत्राची गरज नाही. पर्सोनासारखे, फोनवर नसलेले मोठे खेळच हवे असतील किंवा संध्याकाळपर्यंत फोन रिकामा होत असेल, तर स्विच लाइट घ्यावी. २०२५ मध्ये आलेली स्विच २ जास्त ताकदीची असली तरी तिची बॅटरी दोन ते साडेसहा तास चालते असे कंपनी सांगते, म्हणून केवळ बससाठी मी लाइटच निवडेन.

प्लॉट ९, काकू:
मनापासून आभार. घ्यायचीच झाली तर नागपूरला जुनी मिळते असे तो म्हणतो. घेताना काय पाहावे?

प्लॉट ४, भाऊ:
स्विच आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणलेलीच मिळते, म्हणून दुरुस्तीची हमी कोण देतो हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. लाइटच्या अंगठ्याने फिरवायच्या काड्या यंत्रालाच जोडलेल्या असतात, त्यामुळे काडी आपोआप सरकू लागली तर मोठ्या स्विचसारखा नुसता बाजूचा भाग बदलता येत नाही, सगळे यंत्रच उघडावे लागते. दुकानातच `System Settings` मधून `Controllers and Sensors` आणि तिथून `Calibrate Control Sticks` उघडावे. काडीला हात न लावता पडद्यावरची खूण मध्यापासून हलत असेल तर ते यंत्र घेऊ नये. त्यानंतर फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून कंपनीचे ऑनलाइन दुकान उघडते का ते पाहावे, कारण काही जुनी यंत्रे कंपनीने बंदी घातलेली असतात आणि त्यांवर गेम विकत घेऊन उतरवता येत नाही. शेवटी एखादा गेम चालू करून यंत्र झोपवावे, चहा घेऊन यावे आणि पुन्हा जागे करून तोच देखावा येतो का हे पाहावे.