व्हर्मीरवरच्या पुस्तकाचं परीक्षण: चित्रांना वेगळं जोखायचं का?

कुंचला: कॉलेजच्या अंकासाठी फिलिप स्टेडमन यांच्या 'व्हर्मीर्स कॅमेरा' (२००१) या पुस्तकाचं परीक्षण लिहिलंय. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा अंधाऱ्या जागेत पाडणारं साधन, वापरत होता हे मला पटलं. युक्तिवाद पटणारा, पुरावा भक्कम, फोटो आणि आकृत्या सुंदर, असं मी म्हटलं. संपादक म्हणतात हे परीक्षण नाही, कौतुक आहे. अजून काय लिहायचं? फोटो आणि आकृत्यांना वेगळं जोखायचं का?

चिकित्सक: भक्कम कशावरून? व्हर्मीर १६७५ मध्ये वारला, १६७६ मध्ये घरातल्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात ना भिंग, ना कॅमेरा. शिवाय डझनाहून जास्त चित्रांत, जिथे सगळ्या रेषा एकत्र येतात नेमक्या त्या जागी टाचणीचं भोक सापडलंय. टाचणीला दोरा बांधायचा, खडू फासून ताणायचा आणि झटका द्यायचा, की रेष उमटली. कॅमेरा लागतोच कशाला? पुस्तक निकालात.

जुनी वाचक: निकालात इतक्यात नको काढू. यादीत वस्तू नाही म्हणजे ती कधीच नव्हती असं होत नाही. भिंग उसनं आणलेलं असेल, विकून टाकलेलं असेल. भोकांचा मुद्दा मात्र खरंच वजनदार आहे आणि परीक्षणात तो यायलाच हवा. पण दोऱ्याने सांगाड्याच्या रेषा सरळ करता येतात, तो सांगाडा मुळात कुठून आला हे भोक सांगत नाही.

कुंचला, तुझ्या मसुद्यात पुस्तकाचा कणाच निसटलाय. साधारण दहा चित्रांत एकच खोली आहे असं स्टेडमन धरतात. फरशीच्या चौकटी, खुर्च्या, भिंतीवरचे नकाशे यांच्यावरून ते खोलीची मापं काढतात आणि प्रत्येक चित्रासाठी डोळा कुठे होता तो बिंदू ठरवतात. मग चित्राच्या चार कोपऱ्यांकडून त्या बिंदूतून रेषा चित्रकाराच्या पाठीमागच्या भिंतीपर्यंत नेतात. तिथे एक आयत तयार होतो, आणि सहा चित्रांत तो मूळ कॅनव्हासएवढाच भरतो. नुसत्या दोऱ्याने काढणाऱ्याला कॅनव्हास कुठल्याही मापाचा चालला असता. भिंगातून पडलेली प्रतिमा गिरवायची असेल तरच हे माप जुळायचं काही कारण आहे. तुझं परीक्षण याच्यावर उभं राहायला हवं.

आता फोटो. स्टेडमन यांनी खोलीची लहान प्रतिकृती बांधली, तिचा फोटो काढला आणि तो चित्राशेजारी ठेवला. पाहताना आपण हरखून जातो. पण प्रतिकृती चित्रावरूनच बांधलेली आहे! फोटो चित्रासारखा दिसला तर एवढंच कळतं की भूमिती नीट सोडवली. कॅमेरा वापरला याचा तो पुरावा नाही. "फोटो सुंदर" ऐवजी हे लिही. आकृत्यांचं वेगळं: मागच्या भिंतीवरचा आयत दाखवणारी आकृती हाच पुरावा आहे, तिथे एकेक रेष बोट ठेवून तपास.

रंगपेटी: छपाईबद्दलही लिहाच. मी एकदा एका चित्रकारावरच्या ग्रंथाचं परीक्षण केलं होतं. त्यात एक चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं होतं आणि लेखकाने 'उजेड उजवीकडून येतो' यावर परिच्छेद रचला होता. सही उलटी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दोन ओळी लिहिल्या, तर संपादक मंडळाने 'छपाईची चूक' म्हणून त्या गाळल्या. अजून सलतंय ते.

जुनी वाचक: ती छपाईची चूक राहिलीच नव्हती, युक्तिवाद तिच्यावर टेकला होता. इथे तशी जागा म्हणजे मापं. 'संगीताचा धडा' हे चित्र सुमारे ७४ × ६४ सेंटिमीटरचं आहे. पानावर ते तळहाताएवढं होतं. सगळा दावा मापाचा असताना वाचकाला मूळ आकार सेंटिमीटरमध्ये कुठे सापडतो, ते बघून लिही.

चिकित्सक: सहा आयतांचं मान्य, ते मी हलक्यात घेतलं. पण मागची भिंत तर चित्रात दिसतच नाही! ती थोडी पुढे-मागे सरकवली की आयत लहान-मोठा होणार. मग जुळवून आणणं कितीसं अवघड?

जुनी वाचक: प्रश्न अचूक आहे. एका चित्रासाठी भिंत कोणीही जुळवून आणेल. सहांसाठी एकच भिंत चालते, आणि डोळ्याचे बिंदू तर वेगवेगळे आहेत, म्हणून मला ते योगायोगाचं वाटत नाही. 'संगीताचा धडा'मध्ये वाद्याच्या वर आरसा टांगलाय, त्यात चित्रकाराच्या कॅनव्हास ठेवायच्या घोडीचा पाय दिसतो. खोलीच्या मागच्या भागाचा चित्रातच मिळणारा तो धागा. पण आरसा किती अंशांनी झुकलाय हेही गणितानेच काढावं लागतं, तिथे थोडी चूक झाली तर भिंत किती सरकते?

चिकित्सक: तेच. ते मोजल्याशिवाय मी 'भक्कम' म्हणणार नाही.

कुंचला: आज आरशाचं पान पुन्हा काढून बसते. 'भक्कम' खोडलं. टाचणीची भोकं आत घेतली, प्रतिकृतीच्या फोटोवरचा परिच्छेद नव्याने लिहितेय. कॅमेऱ्याचं मला अजूनही पटतंय, पण आता कुठपर्यंत पटतंय ते सांगता येईल. रंगपेटी, मापांच्या ओळी मंडळाने गाळायच्या म्हटल्या तर मी भांडणार आहे.