ईसॉपचा हिशोब करताना डायल्यूशन वजा करायचं की नाही?

शिरोलीकर
आमच्या लिस्टेड कंपनीनं ईसॉप दिलेत, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा नोकरदाराला हक्क. बाजारात शेअर 500 ला आहे, मला 200 ला मिळणार. सरळ 300 चा फायदा. पण माझा एक सीए मित्र म्हणतो की नवे शेअर निघून प्रत्येक शेअरचा वाटा घटणार, म्हणजे डायल्यूशन होणार, म्हणून 300 ला 10/11 नं गुण आणि 272 च धर. डायल्यूशनचा हा सगळा खेळ नोकरदाराला कमी दाखवण्यासाठी आहे. कंपनी नवे शेअर काढते, कुणाच्या खिशातून रुपया जात नाही. मग वजावट कसली?

ताराबाई पार्क
खिशातून जातो, आणि नेमका किती जातो तेही काढता येतं. असली वाक्यं वाचूनच छोटे शेअरधारक गाफील राहतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

कंपनीचे 10 लाख शेअर आहेत आणि सगळ्या मालकीची किंमत 50 कोटी आहे असं धरा. ईसॉप 1 लाख, प्रत्येकी 200 रुपयांचे. सगळ्यांनी एकाच दिवशी एक्सरसाइझ केले, म्हणजे पैसे भरून शेअर घेतले, तर कंपनीत 2 कोटी येतील. किंमत 52 कोटी, शेअर 11 लाख, भाव 472.73. नोकरदारांना शेअरमागे 272.73 सुटले, एकूण 2.73 कोटी. जुन्या धारकाचा शेअर 500 वरून 472.73 वर आला, म्हणजे 27.27 गेले. ते 10 लाख शेअरवर मोजा, तेच 2.73 कोटी येतात. एकाकडून निघाले आणि दुसऱ्याकडे गेले.

तुमच्या मित्राचा 10/11 इथून आलाय आणि इथे तो बरोबर आहे. पण या उदाहरणातला 500 कसा आला बघा. 50 कोटींना 10 लाखांनी भागून, ईसॉप जणू नाहीतच असं समजून. बाजारातला 500 तसा नसतो. ईसॉपचा ठराव सभेत झालेला असतो, आकडे वार्षिक अहवालात असतात, तिमाही निकालात डायल्यूटेड ईपीएस, म्हणजे येणारे शेअर धरून काढलेली शेअरमागची कमाई, छापलेला असतो. घेणारा हे धरूनच भाव देतो. तेव्हा बाजारभाव 500 असेल तर शेअरचे 50 कोटी आणि ईसॉपवाल्यांच्या हक्काचे 3 कोटी मिळून कंपनीची मालकी 53 कोटींची होते. आता एक्सरसाइझ करा. 53 अधिक 2 म्हणजे 55 कोटी, भागिले 11 लाख. भाव 500 चा 500. फायदा 300.

म्हणजे तुमचा 300 बरोबर आहे, पण त्याचं दिलेलं कारण साफ चूक आहे. आणि मित्र एकच वजावट दोनदा करतोय.

सीए, लक्ष्मीपुरी
तो मित्र मीच. बाजार सगळं धरतो हे पुस्तकात ठीक आहे. स्मॉलकॅपमध्ये वार्षिक अहवाल उघडतो कोण? दिवसाला चार-पाच हजार शेअरचे सौदे होतात तिथे. शिवाय शेअरच्या रूपात दिलेल्या मोबदल्याच्या लेखा मानकात, इंड एएस 102 मध्ये, स्पष्ट लिहिलंय की ईसॉपच्या डायल्यूशनचा परिणाम विचारात घ्यावा. एनएसईवरच्या ऑप्शनमध्ये विकणारा असलेलेच शेअर देतो, तिथे नवा शेअर निघत नाही. ईसॉपमध्ये निघतो. फरक आहे तर वजावट हवीच.

ताराबाई पार्क
नवा शेअर निघतो हा तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण 102 चं तेच परिशिष्ट पुढे वाचा. बाजारानं हे डायल्यूशन आधीच भावात धरलंय का ते बघा, असंही तिथे आहे. "वजा कराच" असं कुठेही नाही.

बघायचं कसं? भाव कुठल्या तारखेचा घेतला आणि ईसॉपची बातमी कुठल्या तारखेची, एवढं ताडून पाहायचं. समजा आज भाव 500 आहे आणि कुणाला कल्पना नसताना उद्या 1 लाख ईसॉप जाहीर होणार आहेत. आजचा भाव घेऊन हिशोब करणाऱ्यानं 10/11 लावलाच पाहिजे. संचालक मंडळाला नव्या योजनेचा खर्च सांगताना मी तेच करतो. जाहीर झाल्यावर, बदल्यात कंपनीला काहीच मिळणार नाही असं बाजाराला वाटलं, तर भाव 472 च्या आसपास येईल. मग त्या भावातून परत काही वजा करायचं नाही. शिरोलीकरांचे ईसॉप जाहीर होऊन गेलेत.

सीए, लक्ष्मीपुरी
पण ईसॉपची किंमत 300 तरी कुठे आहे? अजून चार वर्षं मुदत असेल तर ऑप्शनची किंमत काढायच्या ब्लॅक-शोल्स सूत्रानं जास्तच येणार. तिथे तुमचं सरळ भागाकाराचं गणित चालत नाही.

ताराबाई पार्क
चालतं, फक्त फेऱ्या माराव्या लागतात. ईसॉपची किंमत काढायला पूर्ण मालकीची किंमत लागते आणि त्या मालकीत ईसॉपची किंमतही धरलेली असते. 1978 ची गलाई-श्नेलरची मांडणी हीच. एक्सेलमध्ये एक आकडा धरून सुरुवात करा, आलेला आकडा परत आत घाला, थोड्याच फेऱ्यांत तो स्थिरावतो. मात्र मग चढउतारही पूर्ण मालकीचा घ्यावा लागतो, शेअरचा नाही. भाव वाढला की वाढीतला वाटा ईसॉपवाल्यांकडे जातो, म्हणून शेअरचा दिसणारा चढउतार थोडा दबलेला असतो. या दोन दुरुस्त्या एकमेकींना बहुतेक खाऊन टाकतात. त्यामुळे बाजारभाव आणि बाजारातलाच चढउतार घेऊन साधं ब्लॅक-शोल्स केलं तरी उत्तर जवळपास तेच येतं. बाजारभाव घेऊन वर 10/11 लावला की मात्र चुकतं.

फौंड्रीवाला, उद्यमनगर
हिशोब कळला दादा, पण खरं दुखणं ऱ्हायलंच. ईसॉप दोन टक्के आसत्यात, प्रमोटरच्या वॉरंटचं बोला की. आज 25 टक्के भरायचं, 18 महिनं बाजार बघायचा. भाव चढला की उरलेलं 75 भरून शेअर घ्यायचं, न्हाईतर सोडून द्यायचं. माझ्याकडच्या एका कंपनीत दोनदा हेच झालं. नुकसान आमचं, आणि सभेत इचारलं तर "ठराव मंजूर" म्हणून मोकळं.

ताराबाई पार्क
दादा, गणित तेच, वाटा मोठा. एक फरक लक्षात ठेवा. 25 टक्के आधीच कंपनीत आलेत आणि आजच्या किमतीत धरलेत. एक्सरसाइझच्या दिवशी फक्त 75 टक्केच येतात. पुष्कळ जण पूर्ण रक्कम पुन्हा मिळवतात आणि डायल्यूशन कमी दिसतं. प्रमोटरनं वॉरंट सोडून दिलं तर ते 25 टक्के जप्त होऊन कंपनीतच राहतात. ते तुमचेच.

फौंड्रीवाला, उद्यमनगर
18 म्हैन्याचा ऑप्शन 25 टक्क्यात मिळतोय, ते बी भाव चढायची खबर ज्येला पयली त्येला. जप्त झालेल्यावर समाधान मानायचं व्हय?

नागाळा पार्क
तुम्ही लिस्टेडवर भांडताय. माझी पुण्यातली कंपनी अनलिस्टेड होती. सोडताना सांगितलं, 90 दिवसांत एक्सरसाइझ करा नाहीतर ईसॉप रद्द. आकडे वरच्या उदाहरणासारखेच होते, तेच धरते. माझे 5,000 ईसॉप, 200 रुपयांचे, करासाठी शेअरचा भाव ठरवणाऱ्या मर्चंट बँकरचा भाव 500. शेअरसाठी 10 लाख भरायचे. वर 15 लाखांचा फायदा पगारात धरून 31.2 टक्क्यांनी 4 लाख 68 हजार कर. हातात काय, तर विकता न येणारा कागद. बाबांनी कागलचा प्लॉट विकायची तयारी केली होती, मी नको म्हटलं. निम्मेच घेतले.

शिरोलीकर
मग नव्हते घ्यायचे. जबरदस्ती कुणी केली होती? फायदा हवा आणि कर नको, असं कसं चालेल?

नागाळा पार्क
फायदा? गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत भाव 250 वर आला. कर मी 500 वर भरलाय. आता विकले तर भांडवली तोटा दिसेल, तो पगारातून वजा होत नाही. वर्षानुवर्षं कमी पगारावर काम केलं ते या कागदांच्या भरवशावर. जबरदस्तीचं मला शिकवू नका.

सीए, लक्ष्मीपुरी
ताई, स्टार्टअप असेल तर हा कर पुढे ढकलता येतो. 2020 च्या अर्थसंकल्पापासून सवलत आहे. एचआरनं सांगितलं नाही का?

ताराबाई पार्क
नुसत्या स्टार्टअप नोंदणीवर ती मिळत नाही, आंतर-मंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आणि नोकरी सोडली की मुदत संपते. ताई सोडूनच निघाल्या होत्या, त्यांना काय उपयोग?

पण ताई, तुमच्याच प्रकरणात डायल्यूशन खरंच मोजायला हवं. अनलिस्टेडमध्ये बाजारभाव नाही. मर्चंट बँकर पूर्ण मालकीची किंमत काढतो आणि भागतो. अहवालात भागाकार कशानं केलाय ते बघा. फक्त भरणा झालेल्या 10 लाख शेअरनी केला असेल तर 500 हा फुगवलेला भाव आहे. ईसॉप आणि त्यातून येणारे 2 कोटी दोन्ही धरले तर 472.73 येतात. तुमच्या 5,000 वर करपात्र रक्कम 13.64 लाख, कर सव्वाचार लाखांच्या आसपास. साडेबेचाळीस हजारांचा फरक. तुम्ही निम्मेच घेतलेत, म्हणून तुमचा फरक त्याच्या निम्मा.

उलटी चूकही होते. नवे शेअर खाली मिळवतात आणि 2 कोटी वर मिळवायचे विसरतात. 50 कोटी भागिले 11 लाख, 454.55. तो आकडा तुमच्या सोयीचा असला तरी टिकणार नाही.

नागाळा पार्क
अहवाल आहे माझ्याकडे. शेवटच्या पानावर इक्विटी शेअरची संख्या आहे, ईसॉपचा शब्दही नाही. इतकी वर्षं कुणी हे सांगितलं नव्हतं.

सीए, लक्ष्मीपुरी
थांबा. प्राप्तिकर नियमात फुली डायल्यूटेडचा, म्हणजे येणारे सगळे शेअर धरूनच भागायचा, आग्रह कुठेही नाही, मर्चंट बँकर ठरवेल तो भाव. आणि ताराबाई पार्क, तुम्ही 1 लाखच्या 1 लाख धरलेत. त्यातले व्हेस्ट न झालेले, म्हणजे ठरलेली नोकरी पुरी न झाल्यानं हक्क पक्का न झालेले, निम्मे असतील तर? माणसं सोडून जातात, ते ईसॉप कधीच शेअर होत नाहीत. ते भागाकारात घेतले तर भाव उगाच पडेल. मी फक्त व्हेस्ट झालेले धरीन.

ताराबाई पार्क
भाव ठरवायची मोकळीक बँकरला आहे, मान्य. पण येणारे शेअर न धरता काढलेला भाव बरोबर आहे असं त्यावरून ठरत नाही. व्हेस्ट न झालेल्यांचं म्हणाल तर शून्य धरणंही चूक. किती जण टिकतील त्याचा अंदाज करून तेवढे धरावेत, असं माझं मत.

सीए, लक्ष्मीपुरी
अंदाज कोण करणार, कंपनीच ना? भाव हवा तसा फिरवता येईल. हे मला पटत नाही. लिस्टेडमधली दुहेरी वजावट तेवढी मी सोडतो. शिरोलीकर, तुझे 300 धर.

शिरोलीकर
धरले. नागाळा पार्क, माझा सूर चुकीचा होता. तो अहवाल आता दुरुस्त होतो का?

नागाळा पार्क
कर भरून झालाय, विवरणपत्रही गेलंय. आधी कंपनीकडे बँकरच्या हिशोबाचं पूर्ण परिशिष्ट मागते.

फौंड्रीवाला, उद्यमनगर
परिशिष्ट मिळालं की हितं टाका ताई. आणि वॉरंटचं कुनी तरी वेगळं काढा रं.